माहीत असूनही आजारी बाळ दवाखान्यात का पोहोचत नाही? आरोग्यशिक्षणाचे माध्यम कसे निवडावे

आंजी (मोठी) हे वर्धा तालुक्यातले मोठे गाव. इथले प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आसपासची गावे हे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे जुने कार्यक्षेत्र आहे. १९६९ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या समाजवैद्यक विभागाने वर्ध्याच्या ग्रामीण भागात नवजात बाळांच्या आजारांबद्दल अभ्यास केला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट आरोग्यशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

आजारी बाळाला लगेच डॉक्टरकडे न्यायला हवे, हे सुमारे ६७ टक्के मातांना माहीत होते. पण आजारी पडलेल्या बाळांपैकी सुमारे ४२ टक्के बाळांनाच सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात उपचार मिळाले. सुमारे ४६ टक्के बाळांना कोणतेच उपचार मिळाले नाहीत.

म्हणजे संदेश बऱ्याच घरांपर्यंत गेला होता, पण बाळ दवाखान्यापर्यंत गेले नव्हते. अशा वेळी आपण बहुधा आणखी पोस्टर लावतो, पुन्हा सभा घेतो, पुन्हा दवंडी देतो. माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगून फारसा फरक पडत नाही. आधी अडले कुठे ते शोधावे लागते. माध्यम त्यानंतर ठरते.

अडथळे कोणते होते?

बाळाला का नेले नाही, याची कारणे मातांनीच सांगितली. लक्षण गंभीर आहे हे कळले नाही. पैसे नव्हते. बाहेरची बाधा असावी असे वाटले. वाहन मिळाले नाही. घरगुती उपाय चालू होते. डॉक्टर नव्हते. घरात निर्णय घेणारे जबाबदार माणूस नव्हते.

ही यादी नीट वाचली तर सगळी कारणे एका जातीची नाहीत हे दिसते. काही ओळखण्याची आहेत, काही ठरवण्याची आणि काही पोहोचण्याची. बाळ वाचण्यासाठी या तीनही पायऱ्या एकापाठोपाठ आणि काही तासांत पार व्हाव्या लागतात.

डॉक्टर जागेवर नसणे हा मुळात संवादाचा अडथळा नाही. तो सेवेचा अडथळा आहे, आणि कितीही चांगल्या आरोग्यशिक्षणाने तो दूर होत नाही. उलट आशाताईने समजावून पाठवलेले कुटुंब बंद दारावरून परत आले, तर पुढच्या वेळी तिच्या शब्दाला किंमत राहत नाही. म्हणून असे कारण आढळले की ते वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मांडावे, त्यावर पोस्टर काढू नये.

पहिली पायरी: ओळखणे

नवजात बाळाची धोक्याची लक्षणे आरोग्यसेवकांना पाठ असतात. बाळ दूध ओढत नाही. झटके येतात. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त होतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. अंग गरम किंवा फार थंड लागते. काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर ताप, आणि ३५.५ च्या खाली असेल तर धोकादायक गारवा समजावा. बाळ सुस्त पडते, हालचाल कमी होते. तळहात-तळपाय पिवळे दिसतात. बेंबीभोवतीची कातडी लाल होते.

ही यादी भिंतीवर लिहिता येते. पण घरात ही लक्षणे या शब्दांत दिसत नाहीत. ‘श्वसनाचा वेग वाढणे’ असे कोणी आजी म्हणत नाही. ती म्हणते ‘पोट उडून राह्यलं’. कुठे त्याला ‘डब्बा’ म्हणतात, कुठे ‘धाप’. ‘सुस्ती’ हा शब्दही फसवा आहे. दिवसभर न रडता झोपलेले बाळ घरच्यांना ‘शांत’ वाटते, आणि शांत बाळ म्हणजे गुणी बाळ. हा भाषेचा आणि समजुतीचा अडथळा आहे. पोस्टरवर ‘सुस्ती’ वाचूनही आईला आपले बाळ त्यात दिसत नाही.

म्हणून ओळखायला शिकवणे हे समोरासमोर करायचे काम आहे, आणि ते याच बाळावर करायचे. बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर घ्यावेत आणि पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजावे. मग आईच्या हाताचा पालथा भाग आधी बाळाच्या पोटाला आणि नंतर तळपायाला लावावा. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळ गारठू लागले आहे. दोन्ही गार असतील तर धोका आहे. आईने स्वतः हात लावून पाहिलेले ती विसरत नाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे हाच प्रश्न आला होता. गावातल्या दाईंना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग साठपर्यंत श्वास कसे मोजणार? त्यांनी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत लाल मण्यापर्यंत पोहोचले तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. निरक्षरता हा अडथळा दाईच्या माथी न मारता त्यांनी संदेशाचे रूप बदलले.

दुसरी पायरी: ठरवणे

इथे बरीच बाळे अडतात, आणि आपले आरोग्यशिक्षण इथेच सर्वांत कमी पोहोचते.

बाळंतीण पहिला सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. ग्रामसभा, महिला मेळावा, अंगणवाडीतली बैठक यांपैकी कुठेही ती नसते. पहिले बाळंतपण असेल तर ती बहुधा माहेरी असते. म्हणजे गरोदरपणात जिने समजावले ती सासरची आशाताई वेगळी, आणि बाळ झाल्यावर दारात येते ती माहेरची वेगळी. ओळख नवी, विश्वास नवा. त्यातही बाळाला न्यायचे की नाही हे आई एकटी ठरवत नाही. सासू, आई, नवरा किंवा सासरे ठरवतात. आपण आईला शिकवले आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात राहिला, तर ६७ आणि ४२ यांमधली दरी पडणारच. ‘जबाबदार माणूस घरी नव्हते’ या कारणाचा अर्थ हाच आहे.

दुसरी गोष्ट बाहेरच्या बाधेची. त्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक लक्षणामागे दैवी किंवा बाहेरचे कारण असावे असा संशय घेतला गेला होता, आणि उपायासाठी आधी वैदू, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे आणि खाजगी डॉक्टर असा क्रम होता. यावर लाउडस्पीकरवरून ‘अंधश्रद्धा सोडा’ असे सांगितले तर घरातली आजी दुखावते आणि दार बंद होते. समोर बसून बोलताना मात्र वाट काढता येते. पुढचे संभाषण नमुना म्हणून वाचावे.

आजी म्हणतात, “सकाळपासून दूधच ओढून नाही राह्यलं लेकरू. काल पाव्हणे आले होते, कोणाची तरी नजर लागली.”

आशाताई म्हणते, “आजी, दृष्ट काढायची तर काढून घ्या, पाच मिनटं लागतात. तोवर मी गाडीले फोन लावतो. पण हे पहा, मी बाळाच्या तोंडात बोट दिलं तर चोखूनही नाही राह्यलं. काल चोखत होतं ना?”

“हो, काल तर चांगलं ओढे.”

“मंग रात्रीतून बिघडलं आहे. आज संध्याकाळपर्यंत थांबलो तर अजून बिघडन. दादांना वावरातून बोलवाल का? तुम्ही सोबत चालसान तर सूनबाईलेही धीर येईन.”

या संभाषणात काय झाले ते पाहू. आशाताईने समजुतीवर वाद घातला नाही, कारण दृष्ट काढल्याने बाळाला इजा होत नाही आणि वेळही फारसा जात नाही. तिने लक्षण आजीला डोळ्यांनी दाखवले, कालची आणि आजची तुलना आजीच्याच तोंडून घेतली, वेळेची मर्यादा सांगितली आणि निर्णय घेणाऱ्या माणसाला बोलावले. आजीला बाजूला सारण्याऐवजी सोबत घेतले. हे पोस्टरला जमत नाही, कारण पोस्टरला समोरच्याचे उत्तर ऐकू येत नाही.

मात्र प्रत्येक समजुतीला अशी जागा देऊ नये. पोटावर चटके देणे, घुटी किंवा काढा पाजणे, बेंबीवर राख किंवा शेण लावणे याने बाळाला थेट इजा होते. तिथे ‘हे करू नका’ असे स्पष्ट सांगावे आणि त्याऐवजी काय करायचे तेही लगेच सांगावे.

तिसरी पायरी: पोहोचणे

पैसे आणि वाहन ही कारणे खरीच असतात. पण त्यांचा काही भाग माहितीचाही असतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्यानुसार सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, तपासण्या, औषधे आणि घरून दवाखान्यात व परत नेण्याची सोय विनामूल्य आहे. सुरुवातीला ही सोय जन्मानंतर ३० दिवसांपर्यंत होती, पुढे ती एक वर्षापर्यंतच्या बाळांसाठी वाढवली गेली. माता आणि बाळासाठी १०२, आणि तातडीच्या प्रसंगी १०८ हे क्रमांक आहेत. ज्या घराला हे माहीतच नाही, ते घर आधी उसने पैसे शोधते आणि तास घालवते.

ही माहिती छोटी आहे, सगळ्यांसाठी सारखी आहे, त्यावर कोणाचा वाद नाही आणि ती वरचेवर कानावर पडावी लागते. हे जनमाध्यमाचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात, दवंडीत, आकाशवाणीवर, गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर, बचतगटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर असे सगळीकडे ‘१०२’ दिसू द्यावे. हा क्रमांक सांगायला आशाताईने घरोघरी अर्धा तास बसण्याची गरज नाही. तो वेळ वरच्या दोन पायऱ्यांसाठी ठेवावा.

मग निवड कशी करावी?

पल्स पोलिओ मोहीम आठवून पाहा. १९९५ पासून टीव्ही, रेडिओ, पोस्टर आणि दवंडीतून एकच गोष्ट सांगितली गेली: अमुक दिवशी लहान बाळाला बूथवर आणा. काम एकच, दिवस ठरलेला, जागा जवळची, खर्च शून्य. असा संदेश जनमाध्यमातून झपाट्याने पसरतो. पण उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या काही वस्त्यांत लशीबद्दल शंका होती, तेव्हा जाहिरात पुरली नाही. तिथे गावातल्याच स्त्रियांना आणि धर्मगुरूंना घरोघरी जाऊन बोलावे लागले. भारतातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामागे ही दोन्ही माध्यमे आपापल्या जागी होती.

यावरून तीन प्रश्न निघतात. लोकांना ही गोष्ट मुळात माहीतच नाही का? तसे असेल तर जनमाध्यम. माहीत आहे, पण शंका, भीती किंवा घरातला विरोध आहे का? तर समोरासमोर संवाद. हाताने करून पाहिल्याशिवाय जमणार नाही असे काही आहे का? तर प्रात्यक्षिक, तेही एका वेळी चार-पाच जणींपुढेच.

जनमाध्यमाची मर्यादा अशी की ते सगळ्यांशी एकच बोलते आणि ऐकणाऱ्याला काय कळले ते त्याला समजत नाही. समोरासमोरच्या संवादाची मर्यादा वेगळी आहे. त्यात वेळ फार जातो, तो थोड्याच घरांत पोहोचतो आणि सांगणारी बदलली की संदेशही बदलतो. म्हणून महत्त्वाची वाक्ये सगळ्या आशांनी एकसारखी ठरवून घ्यावीत.

एका गावाचा आराखडा

हजारेक वस्तीच्या गावात वर्षाला साधारण पंधरा-वीस बाळंतपणे होतात, म्हणजे महिन्याला एक किंवा दोन. ही संख्या पाहिली की समोरासमोरचा संवाद परवडतो हे लक्षात येते. एक आशाताई इतकी घरे सांभाळू शकते.

घरच्या घरी नवजात बाळाची काळजी या कार्यक्रमात भेटीचे दिवस ठरलेले आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी झाले तर पहिला दिवसही. नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट चुकवू नये. या भेटींत आईबरोबर निर्णय घेणारी व्यक्तीही समोर असली पाहिजे. सासरे किंवा नवरा शेतात असतील तर सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जावे.

पण खरे काम आठव्या महिन्यात सुरू होते. तेव्हाच विचारावे, “बाळंतपणाला कुठे राहणार?” माहेरी जाणार असेल तर तिथल्या आशाताईचा फोन घ्यावा आणि दोघींचे बोलणे करून द्यावे. घरातल्यांना दोन गोष्टी आधीच ठरवायला सांगाव्यात: रात्री बाळ बिघडले तर कोण सोबत जाईल, आणि घरचा मोठा माणूस गावात नसेल तर निर्णय कोण घेईल. संकटात घेतलेल्या निर्णयापेक्षा आधी ठरवलेला निर्णय लवकर अमलात येतो.

गटाच्या बैठकीसाठी बचतगट ही चांगली जागा आहे, कारण तिथे सासू-वयाच्या बायका असतात. वेळ मात्र त्यांच्या कामाकडे पाहून ठरवावी. सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी चालू असताना दुपारी बैठक ठेवली तर बोलणारी आशाताईच एकटी उरते. गावातल्या बायकांसोबत बसून कोणत्या महिन्यात काम किती, पैसा किती, आजार कोणते याची वर्षाची दिनदर्शिका काढावी. वर्ध्याच्या अभ्यासातही ही पद्धत वापरली होती.

त्यासोबत चपाती आकृतीही वापरली होती. कागदाचे लहान-मोठे गोल कापायचे. जो माणूस किंवा जी संस्था महत्त्वाची वाटते तिचा गोल मोठा. जी सहज गाठता येते तिचा गोल मध्याजवळ. बायकांनी गोल मांडले की दिसते, संकटात त्या आधी कोणाकडे धावतात. आपल्या आरोग्य केंद्राचा गोल मोठा पण दूर असेल, तर लोकांचा विश्वास आहे पण वाट अवघड आहे. गोल लहान असेल तर आधी विश्वासाचेच काम करायला हवे.

जागाही पाहावी. समाजमंदिरात चाळीस बायका, कडेवर रडणारी मुले, बाहेर ट्रॅक्टर, आणि मागच्या रांगेला न दिसणारा फ्लिपचार्ट अशा बैठकीत संदेश अर्ध्या वाटेवर विरतो. ऐकू कमी येणाऱ्या आजींना पुढे बसवावे. चित्र एका हाताच्या अंतरावरून दाखवता येईल एवढाच गट घ्यावा.

पोहोचले की नाही, कसे कळेल?

“समजलं का?” असे विचारले की सगळ्या “हो” म्हणतात. त्या उत्तरातून काही कळत नाही. त्याऐवजी विचारावे, “आज रात्री बाळाने दूध सोडलं, तर तुम्ही आधी काय कराल? मग कोणाला सांगाल?” आईने क्रम सांगितला, फोन क्रमांक सांगितला आणि सोबत कोण येईल हे सांगितले, तर संदेश पोहोचला. अडखळली, तर आपण सांगण्यात कमी पडलो. त्याच भेटीत वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावे.

महिन्याच्या शेवटी किती सभा झाल्या, किती पत्रके वाटली हे मोजून भागत नाही. गावात किती बाळे आजारी पडली आणि त्यांतली किती त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचली, हे आशाताईच्या वहीत असावे. जे बाळ पोहोचले नाही, त्याच्या घरी जाऊन दोष न देता विचारावे: ओळखायला उशीर झाला, ठरवायला की पोहोचायला? त्या उत्तरावरून पुढच्या महिन्याचे माध्यम ठरवावे.

आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी तान्हे बाळ असेल, तर वर दिलेल्या लक्षणांपैकी एकही दिसले तरी थांबू नये. अंगाला अंग लावून बाळाला उबेत ठेवावे, ओढत असेल तर अंगावर पाजत राहावे, आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, दवाखाना गाठावा.